अर्ध्या मिनिटाचा ट्रेलर आणि गळालेलं ‘तर’

आज आम्ही एका फार छोट्या लेखनप्रकाराबद्दल बोलणार आहोत. पॉडकास्टचा नवा भाग येण्याआधी तीस सेकंदांचा एक ट्रेलर येतो. समजेल अशा संथ मराठीत तेवढ्या वेळात साधारण साठ शब्द बसतात. त्यात दोनच गोष्टी करायच्या असतात. भागातलं एक लक्ष वेधणारं वाक्य ऐकवायचं, आणि पूर्ण भाग का ऐकावा याचं एक कारण द्यायचं.

उदाहरण आम्हीच रचलं आहे. समजा, सॉक्रेटिसच्या खटल्यावर तासाभराचा भाग आहे. पुष्कळदा त्याचा ट्रेलर असा लिहिला जातो: “या भागात आपण सॉक्रेटिसचं जीवन, त्याचा काळ, त्याची संवादपद्धती, त्याच्यावरचा खटला आणि त्याचं आजचं महत्त्व जाणून घेणार आहोत. ही रंजक चर्चा चुकवू नका.” आता ही झाली अनुक्रमणिका. आणि रंजक आहे की नाही, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. आपण आधीच सांगितलं म्हणून ते कारण होत नाही.

मग वाक्य कुठून आणायचं? ध्वनिमुद्रणातूनच, आणि बोलणाऱ्याच्याच आवाजात. धरून चला की पाहुणे त्यात एके ठिकाणी म्हणतात: “डायोजिनिस लाएर्शियसवर विश्वास ठेवायचा तर, सॉक्रेटिसला निर्दोष म्हणणाऱ्यांपैकी काहींनी त्याच दिवशी त्याच्या मृत्यूच्या बाजूनं मत दिलं.”

हे वाक्य चांगलं का, ते बघा. ते एकटं उभं राहतं. ‘त्यामुळे’, ‘तो’, ‘मघाशी म्हटलं तसं’ अशी मागच्या बोलण्याची शेपटी त्याला नाही. शिवाय त्याच्या पोटात एक प्रश्न आहे: निर्दोष मानलेल्या माणसाला कुणी मरण का द्यावं?

इथं संपादकाला मोह होतो. सुरुवातीचं ‘विश्वास ठेवायचा तर’ कापलं की तीनेक सेकंद वाचतात आणि वाक्य धारदार होतं. आमचा आक्षेप नेमका इथंच आहे. खटला इ.स.पू. ३९९ मधला. डायोजिनिस लिहितो त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी. दोषी ठरवणाऱ्या मतांपेक्षा मृत्युदंडाची मतं ऐंशीनं जास्त होती, असं तो सांगतो. हे खरं असेल, तर निदान ऐंशी जण आधी निर्दोष म्हणणाऱ्यांतले असलेच पाहिजेत. हिशेब सरळ आहे. पण सगळा डोलारा त्या ‘खरं असेल तर’वर उभा आहे. प्लेटोनं लिहिलेल्या बचावाच्या भाषणात पहिलं मतदान थोड्या फरकाचं होतं एवढं कळतं, दुसऱ्या मतदानाचा आकडा मिळत नाही. म्हणजे ते ‘तर’ गाळलं की एका उशिराच्या लेखकाची साक्ष सिद्ध घटना होऊन बसते, आणि तीही पाहुण्यांच्या तोंडून. शब्द त्यांचेच, पण विधान त्यांचं राहिलं नाही.

तेव्हा आम्ही ट्रेलर असा लिहू. पहिली बारा सेकंदं पाहुण्यांचं ते पूर्ण वाक्य, ‘तर’सकट. मग सेकंदभर शांतता. तिथं संगीत चढवू नये. प्रश्न डोक्यात शिरायला तेवढी जागा लागते. नंतर निवेदक म्हणेल: “दोन मतदानांच्या मध्ये नवा पुरावा आला नाही. झाली ती फक्त शिक्षेबद्दलची भाषणं. स्वतःसाठी कोणती शिक्षा योग्य, हे सांगताना सॉक्रेटिस असं काय बोलला? ऐका, या भागात.”

कारण एकच दिलं आहे, आणि ते पहिल्या वाक्यातूनच निघालं आहे. त्याच्या जोडीला ‘शिवाय अथेन्सच्या लोकशाहीबद्दलही’ असं घातलं असतं, तर ऐकणारा दोन्ही विसरला असता. आणि उत्तर राखून ठेवलं आहे. सॉक्रेटिसनं शिक्षा म्हणून आधी नगराच्या खर्चानं जेवण मागितलं, हे ट्रेलरमध्येच सांगून टाकलं, तर ऐकणाऱ्याची उत्सुकता तिथंच भागते.

मर्यादाही आहे. प्रत्येक भागात असं वाक्य सापडत नाही. एखादा युक्तिवाद पाच पायऱ्यांनी चढत जातो आणि त्यातलं कुठलंही एक वाक्य उचललं की पांगळं होतं. अशा वेळी ओढूनताणून धक्का देऊ नये. त्या युक्तिवादाचा मूळ प्रश्न निवेदकानं साध्या शब्दांत विचारावा.

तपासणी सोपी आहे. पूर्ण भाग ऐकून झाल्यावर ट्रेलर पुन्हा लावावा. वाक्याचा अर्थ आता जास्त खोल लागला, तर निवड बरोबर. पण ‘अरे, हे तर असं म्हणालेच नव्हते’ असं वाटलं, तर श्रोता एकदा मिळाला आणि पुढच्या भागासाठी गमावला.