सांगाड्याच्या इलेक्ट्रॉन-युगुलांचा नियम : एक परीक्षण

१९७१ साली डरहॅम विद्यापीठातील केनेथ वेड यांनी एका छोट्याशा निबंधात असे प्रतिपादन केले की, बोरेनांचे पिंजरे आणि संक्रमण-धातूंचे कार्बोनिल-गुच्छ ही दोन वरकरणी दूरची कुळे एकाच हिशेबाने समजून घेता येतात. हा हिशेब पिंजऱ्याचा सांगाडा बांधून धरणाऱ्या इलेक्ट्रॉन-युगुलांचा होय. पुढील वर्षी डी. एम. पी. मिंगोस यांनी त्याला अधिक व्यापक रूप दिले, आणि तेव्हापासून हा नियम अध्यापनात इतका रुळला आहे की, युगुले मोजली म्हणजे आकार कळला, असे सर्रास म्हटले जाते. या विधानात कितपत तथ्य आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी नियमाच्या सर्व उपयोगांचा आढावा घेण्याचे कारण नाही. सात युगुलांचे एकच उदाहरण शेवटपर्यंत पाहिले, तर नियमाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही उघड होतात.

१. सात ही संख्या

नियमाचे मूळ बोरॉनच्या एका अडचणीत आहे. बोरॉनच्या अणूजवळ संयुजी इलेक्ट्रॉन तीन, परंतु कक्षिका चार असतात. त्यामुळे प्रत्येक कडेवर दोन इलेक्ट्रॉनांचा एक बंध, ही नेहमीची रीत बोरेनांना लागू पडत नाही. कडा अधिक आणि इलेक्ट्रॉन थोडे, अशी तेथे स्थिती असते. ही अडचण टाळण्याचा मार्ग असा की, बंध कडांवर न मोजता संपूर्ण सांगाड्यासाठी एकत्र मोजावेत.

मोजणीची रीत सोपी आहे. प्रत्येक बोरॉन अणू एका हायड्रोजनशी बाहेरच्या बाजूने बांधलेला आहे असे धरावे. या बंधात बोरॉनचा एक इलेक्ट्रॉन खर्च होतो आणि दोन इलेक्ट्रॉन व तीन कक्षिका सांगाड्यासाठी उरतात. याखेरीज जो प्रत्येक हायड्रोजन असेल तो एक इलेक्ट्रॉन देतो, आणि ऋण प्रभाराचे प्रत्येक एककही एक इलेक्ट्रॉन देते. या रीतीने [B₆H₆]²⁻ या आयनात सहा घटकांचे बारा आणि प्रभाराचे दोन असे चौदा, म्हणजे सात युगुले होतात. B₅H₉ मध्ये पाच घटकांचे दहा आणि जादा चार हायड्रोजनांचे चार मिळून पुन्हा चौदाच होतात. B₄H₁₀ मध्ये आठ आणि सहा मिळूनही चौदाच भरतात.

तिन्ही रेणूंत युगुले सात आणि बोरॉन मात्र सहा, पाच व चार, ही गोष्ट योगायोगाची नाही. पहिला पूर्ण अष्टफलक आहे. दुसरा चौरस तळाचा पिरॅमिड, म्हणजेच एक शिरोबिंदू गमावलेला अष्टफलक आहे. तिसऱ्यात दोन शिरोबिंदू गेल्यावर उरलेली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी आकृती दिसते. ही भूमितीय वंशावळ रॉबर्ट विल्यम्स यांनीही १९७१ मध्येच मांडली होती. त्या वंशावळीमागचे कारण युगुलांच्या संख्येत आहे, हे दाखवून देणे ही वेड यांची कामगिरी होय. n शिरोबिंदूंचा बंद पिंजरा n+१ युगुलांवर उभा राहतो. शिरोबिंदू काढून घेतले, तरी युगुलांची गरज तेवढीच राहते.

n+१ ही संख्या कोठून आली, हे १९५४ मध्ये लाँगेट-हिगिन्स व रॉबर्ट्स यांनी धातूंच्या बोराइडांतील अष्टफलकांचा विचार करताना दाखविले होते. सहा बोरॉनांच्या प्रत्येकी एक अशा सहा कक्षिका पिंजऱ्याच्या केंद्राकडे तोंड करून असतात. त्यांच्या संयोगातून केंद्रस्थानी सर्वांना एकत्र बांधणारी एकच प्रबळ कक्षिका निर्माण होते. उरलेल्या बारा कक्षिका पृष्ठभागाला समांतर असतात आणि त्यांतून सहा बंधक कक्षिका मिळतात. एक आणि सहा मिळून सात. म्हणून अष्टफलकाला दोन ऋण प्रभार हवेत, असे अनुमान निघाले, आणि १९६४ साली [B₆H₆]²⁻ प्रत्यक्षात हाती आल्यावर ते खरे ठरले. सारांश, सात ही संख्या निरीक्षणांवरून जुळवून घेतलेली नव्हे. तिला स्वतंत्र आधार आहे.

२. धातूंकडे संक्रमण

वेड यांच्या निबंधाचा धाडसी भाग यापुढचा आहे. ऑस्मियमच्या अणूला तीन कार्बोनिल जोडले, तर नऊ कक्षिकांपैकी तीन कार्बोनिलांशी बंध करण्यात गुंततात. आणखी तीन भरलेल्या असतात आणि सांगाड्यात शिरत नाहीत. उरतात तीन कक्षिका आणि दोन इलेक्ट्रॉन. BH या घटकाजवळही नेमके हेच असते. हिशेबाच्या दृष्टीने सांगायचे, तर धातूचे संयुजी इलेक्ट्रॉन व संलग्नींनी दिलेले इलेक्ट्रॉन यांच्या बेरजेतून दर धातूमागे बारा वजा करावेत. जे उरतील ते सांगाड्याचे.

Rh₆(CO)₁₆ हे संयुग या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याची अष्टफलकी रचना १९६३ मध्येच ज्ञात झाली होती. सहा ऱ्होडियमांचे चोपन्न आणि सोळा कार्बोनिलांचे बत्तीस मिळून शहाऐंशी इलेक्ट्रॉन होतात. प्रत्येक धातूभोवती अठरा इलेक्ट्रॉन हवेत, या जुन्या नियमाने पाहिले, तर एकशे आठमधून शहाऐंशी वजा जाऊन बावीस, म्हणजे अकरा बंध निघतात. अष्टफलकाला तर कडा बारा असतात. जुना हिशेब येथे एका कडेने चुकतो. नव्या रीतीने शहाऐंशीतून बहात्तर वजा केले असता चौदा, म्हणजे सात युगुले उरतात, आणि अष्टफलक आपोआप सिद्ध होतो. Fe₅C(CO)₁₅ मध्ये पाच लोखंडांचे दहा व कार्बनचे चार मिळून हीच सात युगुले होतात. तेथे धातूंचा सांगाडा B₅H₉ प्रमाणेच चौरस पिरॅमिडाचा आहे. दोन भिन्न कुळांतील हे साम्य नियमाच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा मानावा लागेल.

३. ऑस्मियमची कसोटी

तथापि नियमाची खरी कसोटी सहा ऑस्मियमांच्या गुच्छांत लागते. Os₆(CO)₁₈ मध्ये चौऱ्याऐंशी इलेक्ट्रॉन, म्हणजे सांगाड्याची सहाच युगुले आहेत. सहा युगुले पाच शिरोबिंदूंच्या त्रिकोणी द्विपिरॅमिडाला पुरतात. मग सहावा धातू कोठे बसणार? त्याला द्विपिरॅमिडाच्या एका त्रिकोणी पृष्ठावर टोपीसारखे बसविले, तर त्याच्यासाठी नवे युगुल लागत नाही, असे या नियमाचे पुढील सूत्र सांगते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेली रचना अगदी तशीच निघाली. जुन्या नियमाने येथे बारा कडा मिळतात खऱ्या, परंतु अष्टफलकालाही बाराच कडा असल्याने तो नियम दोहोंत निवड करू शकत नाही. नवा नियम ती करतो.

या रेणूला दोन इलेक्ट्रॉन दिले असता [Os₆(CO)₁₈]²⁻ हा आयन मिळतो. युगुले सात होतात आणि सांगाडा अष्टफलकी बनतो. येथवर सर्व सुरळीत आहे. या आयनाला एक प्रोटॉन दिला तरी अष्टफलक टिकतो. दुसरा प्रोटॉन दिला की H₂Os₆(CO)₁₈ तयार होते. प्रोटॉनाबरोबर इलेक्ट्रॉन येत नाही, म्हणून युगुले सातच राहतात. असे असूनही या संयुगाचा सांगाडा अष्टफलकी नाही. तो चौरस पिरॅमिड असून त्याच्या एका त्रिकोणी पृष्ठावर सहावा ऑस्मियम टोपीसारखा बसलेला आहे.

नियमाच्या समर्थकांजवळ याला उत्तर आहे. पाच शिरोबिंदूंच्या चौरस पिरॅमिडाला सात युगुले लागतात आणि टोपीला एकही लागत नाही. तेव्हा ही रचनाही सात युगुलांना मान्यच आहे. हे उत्तर बरोबर आहे, परंतु त्याची किंमत मोजावी लागते. सहा धातू आणि सात युगुले एवढ्या माहितीवरून दोन आकार संभवतात आणि त्यांपैकी कोणता हे नियम सांगत नाही, ही कबुली त्यात अंतर्भूत आहे. विशेष म्हणजे, ज्या जुन्या नियमाला मागे सारले, तो येथे अकरा कडा सांगतो, आणि टोपी घातलेल्या चौरस पिरॅमिडाला नेमक्या अकराच कडा असतात. याउलट H₂Ru₆(CO)₁₈ हे त्याच घडणीचे रुथेनियमचे संयुग अष्टफलकीच आहे. धातू बदलताच, संख्या तीच असूनही आकार बदलतो. अर्थात निवड करणाऱ्या गोष्टी हायड्रोजनांची जागा, कार्बोनिलांची दाटी आणि धातू-धातू बंधांचे बळ यांत शोधाव्या लागतील. युगुलांच्या मोजणीत त्यांना स्थान नाही.

B₄H₁₀ मध्येही हाच प्रश्न दडलेला आहे. अष्टफलकाचे दोन शिरोबिंदू काढावयाचे, पण कोणते? शेजारचे काढले तर फुलपाखरू मिळते, समोरासमोरचे काढले तर सपाट चौरस. निसर्गाने पहिला पर्याय स्वीकारला आहे. युगुले दोन्हीकडे सातच आहेत.

४. नाव आणि प्रमाण

दुसरा आक्षेप परिभाषेविषयी आहे. पूर्ण पिंजऱ्याला क्लोझो, एक शिरोबिंदू उणा असलेल्याला निडो आणि दोन उणे असलेल्याला अरॅक्नो म्हणतात. पहिला शब्द पिंजऱ्याच्या ग्रीक नावावरून, दुसरा घरट्याच्या लॅटिन नावावरून आणि तिसरा कोळ्याच्या जाळ्याच्या ग्रीक नावावरून आला आहे. ही सारी नावे डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराची आहेत. नियम रूढ झाल्यावर मात्र तीच नावे n+१, n+२ व n+३ या संख्यांनाही लावण्यात येऊ लागली. परिणामी, रचना अज्ञात असलेल्या संयुगाला केवळ सूत्रावरून ‘निडो’ म्हटले जाते आणि मग ते निडो असल्यामुळे त्याला उघडे तोंड असावे, असे म्हटले जाते. येथे जे सिद्ध करावयाचे तेच नावाच्या आडून गृहीत धरले जाते.

हा धोका काल्पनिक नाही. B₉Cl₉ मध्ये नऊ शिरोबिंदू व नऊच युगुले आहेत. नियमाप्रमाणे त्याला आठ शिरोबिंदूंचा बंद पिंजरा आणि त्यावर एक टोपी असा आकार हवा. प्रत्यक्षात त्याची आकृती दहा युगुलांच्या [B₉H₉]²⁻ सारखीच, तीन टोप्यांच्या त्रिकोणी लोलकाची आहे. आकाराने हे संयुग क्लोझो आहे, गणनेने नाही. क्लोरीनच्या भरलेल्या कक्षिका पिंजऱ्याला काही इलेक्ट्रॉन उसने देतात, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. परंतु तसे मानले, तर बाहेरचा अणू सांगाड्यात भाग घेत नाही, हे मोजणीचे पहिले गृहीतच ढळते. दर धातूमागे बारा इलेक्ट्रॉन वेगळे काढण्याचे गृहीतही प्लॅटिनम व सोने यांच्या गुच्छांत असेच डळमळते. तेथे एक कक्षिका इतकी उंच असते की ती वापरातच येत नाही, आणि मोजणी अपेक्षेपेक्षा कमी भरते.

या आक्षेपांमुळे नियम टाकाऊ ठरत नाही, परंतु त्याच्या उपयोगाची दिशा बदलते. जड धातूंच्या शेजारचा हायड्रोजन क्ष-किरणांच्या विवर्तनात सहसा दिसत नाही. अशा वेळी सांगाडा अष्टफलकी दिसला आणि मोजणीत सहाच युगुले भरली, तर दोन इलेक्ट्रॉन कोठेतरी हरवले आहेत, अशी शंका घेणे योग्य ठरते. मग चुंबकीय अनुनादाच्या वर्णपटात हायड्रोजन शोधावा, सोबतच्या धन आयनावरून प्रभार तपासावा, पिंजऱ्यात कार्बन अडकला आहे काय ते पाहावे. आकारावरून सूत्राची तपासणी करण्याचे हे काम नियम विश्वासाने करतो. सूत्रावरून आकाराकडे जाताना मात्र तो संभाव्य आकारांची यादी आखूड करतो. त्या यादीत एकाहून अधिक आकार उरले, तर निर्णय मोजणीने न करता रचनेच्या प्रत्यक्ष निश्चितीवर सोपविला पाहिजे. H₂Os₆(CO)₁₈ च्या बाबतीत तो तसाच झाला.