पुसलेला धागा : एका कन्नड आवृत्तीची चिरफाड

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला येणारं गिऱ्हाईक अर्ध्याहून जास्त वेळा कन्नड बोलतं असं मी ऐकत आलोय. सीमा इथून हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे तंबोऱ्याची जवारी कशी लावायची हे दाखवणारा एक मराठी व्हिडिओ कन्नडमध्येही करावा, असं एका कारागिरांना वाटलं यात नवल नाही. शूटिंग पुन्हा करायचं नाही, आवाज नवा टाकायचा आणि पडद्यावरची मराठी अक्षरं काढून तिथे कन्नड घालायची, एवढंच काम होतं. ते झालंही. ती कन्नड आवृत्ती मी फ्रेम फ्रेम थांबवून पाहिली, आणि आजची पोस्ट तिच्यावरची टीका आहे. करणाऱ्याचं नाव घेणार नाही, कारण चूक एका माणसाची नाही, पद्धतीची आहे.

आधी विषय समजून घेऊ. व्हिडिओतला मजकूर दोन प्रकारे असतो. सबटायटल फाइल वेगळी असेल तर भाषा बदलणं म्हणजे फाइल बदलणं. पण एडिटिंग करून एक्सपोर्ट केलेल्या व्हिडिओत अक्षरं चित्रातच मुरलेली असतात. तिथे 'अक्षर' नावाची वस्तूच उरत नाही, फक्त रंगाचे ठिपके असतात. अक्षराखाली जे चित्र होतं ते त्या फाइलमध्ये नाही. म्हणजे 'मजकूर काढणे' हा शब्दच फसवा आहे. आपण काढत काही नाही, खाली काय असेल याचा अंदाज करून ते भरतो. या पोस्टमधला पुढचा सगळा वाद या एका वाक्यातून येतो.

कात्रीने भागायचं तेव्हा

मूकपटांच्या काळात ही अडचण फारशी नव्हती. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) मजकूर होता, पण तो स्वतंत्र पाट्यांवर, दोन दृश्यांच्या मध्ये. पाटी चित्रावर नव्हती, चित्राच्या शेजारी होती. दुसऱ्या भाषेसाठी फिल्मचा तेवढा तुकडा कापून दुसरा जोडला की झालं. बोलपट आला आणि ही सोय गेली. कोल्हापुरात 'प्रभात'ने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' केला तेव्हा मराठी आणि हिंदी असं दोनदा चित्रण करावं लागलं.

आपला जवारीचा व्हिडिओ या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. त्यातही तीन वेगवेगळ्या जातीचा मजकूर आहे, आणि कन्नड आवृत्ती करणाऱ्याने तिघांना एकच औषध दिलं. माझी पहिली तक्रार ही.

तीन जाती

पहिली जात म्हणजे सुरुवातीची शीर्षकाची पाटी. मागे साधा काळा रंग, वर अक्षरं. इथे पुसायचं काहीच नसतं. नवी पाटी करून पूर्ण फ्रेमच बदलायची, मूकपटासारखी. कन्नड आवृत्तीत मात्र जुनी अक्षरं धूसर करून त्यावर नवी लिहिली आहेत, आणि काळ्यावर राखाडी डाग दिसतो. पाच मिनिटांत टळणारी चूक.

दुसरी जात म्हणजे खालची रंगीत पट्टी, जिच्यावर भागाचं नाव येतं : 'भोपळा', 'दांडी', 'घोडी'. पट्टी अपारदर्शक आहे, तेव्हा तशाच रंगाची नवी पट्टी वर ठेवायची. यात एकच मेख आहे. देवनागरीचा पसारा बराचसा वर, शिरोरेषेच्या डोक्यावर असतो. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग मुख्य अक्षराच्या खाली लटकतो. मराठीच्या मापाने कापलेल्या पट्टीत कन्नड ओळ बसवली की खालचे भाग कडेला टेकतात किंवा कापले जातात. या आवृत्तीत दोन ठिकाणी कापले गेलेत, म्हणजे अक्षरच बदललंय. पट्टी थोडी उंच केली असती तर भागलं असतं.

इथेच आणखी एक सापळा. `ffmpeg`च्या `drawtext` फिल्टरने थेट भारतीय लिपी लिहायला जाल तर जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, कारण अक्षरं जुळवण्याचं काम तिथे होतच नाही. मी मजकूर इंकस्केपमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी करतो आणि तीच चिकटवतो. त्या भाषेच्या माणसाला ती प्रतिमा दाखवल्याशिवाय पुढे जात नाही.

तिसरी जात सगळ्यात अवघड : चालू चित्रावर थेट लिहिलेली अक्षरं. खरी हानी इथे झाली आहे.

धागा गेला

जवारी लावताना घोडी आणि तार यांच्यामध्ये एक बारीक सुती धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे करत राहायचं, एका जागी आवाज अचानक उघडतो आणि तार गुंजायला लागते. व्हिडिओत हा क्षण जवळून घेतलाय, आणि धाग्याला लागून 'धागा इथे' असं लिहिलंय. लेबल साधारण ६४० बाय ९६ ठिपक्यांचं, साडेपाच सेकंद पडद्यावर.

कन्नड आवृत्तीत हे लेबल `delogo` फिल्टरने पुसलंय. हा फिल्टर चौकोनाच्या चार कडांवरचे रंग घेतो आणि आतला भाग त्यांच्या मिश्रणाने भरतो. कडेला लाकूड, म्हणून आत लाकडासारखा धूसर पट्टा. चौकोनाच्या आत जे जे होतं ते गेलं. त्यात अक्षरं होती, तारेचा तुकडा होता आणि धाग्याचं टोकही होतं. आता कन्नड प्रेक्षकाला सुंदर कन्नड अक्षरांत 'धागा इथे' असं वाचायला मिळतं, आणि तिथे धागा नाही! सगळा व्हिडिओ ज्यासाठी केला तीच गोष्ट भाषांतरात पुसली गेली.

मग काय करायला हवं होतं? कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर होता. लेबल येण्याच्या दोन सेकंद आधी तीच जागा मोकळी दिसते. तेवढा तुकडा त्या फ्रेममधून उचलायचा, लेबलाच्या जागी ठेवायचा आणि त्यावर कन्नड लेबल :

```
ffmpeg -ss 132 -i marathi.mp4 \
  -vf "crop=640:96:120:860" -frames:v 1 plate.png

ffmpeg -i marathi.mp4 -i plate.png -i kannada.png \
  -filter_complex "[0:v][1:v]overlay=120:860:enable='between(t,134,139.5)'[a];[a][2:v]overlay=120:860:enable='between(t,134.5,139)'" \
  -crf 16 -c:a copy out.mp4
```

तुकडा लेबलाच्या आधी सुरू होतो आणि नंतर संपतो, हे लक्षात घ्या. मराठी अक्षरं हळूहळू उमटत असतील तर त्यांची पुसट सुरुवातही झाकली गेली पाहिजे, नाहीतर अर्धा सेकंद भूत दिसतं.

पण ही पद्धतही दोन ठिकाणी मार खाते, आणि ते न सांगता तिची जाहिरात करणं म्हणजे मीच वरची चूक करण्यासारखं. एक : त्या साडेपाच सेकंदांत कारागिराचं बोट चौकोनात आलं तर उसना तुकडा बोटावर बसतो आणि बोट कापल्यासारखं दिसतं. दोन : वर्कशॉपात उजेड कमी असल्यामुळे चित्रात बारीक खरखर सतत हलत असते. एकाच फ्रेममधून उचललेला तुकडा मात्र गोठलेला. आजूबाजूचं चित्र जिवंत आणि मधे एक मेलेला चौकोन. थांबवलेल्या फ्रेममध्ये हे अजिबात दिसत नाही, चालू व्हिडिओत डोळ्याला खुपतं. तपासायला शेजारच्या दोन फ्रेममधला फरक वाढवून बघायचा :

```
ffplay -vf "format=gray,tblend=all_mode=difference,lut=c0=val*8" out.mp4
```

सगळीकडे ठिपके वळवळत असतील आणि एक चौकोन ठार काळा असेल, तर चोरी पकडली गेली. उपाय म्हणजे एक फ्रेम न घेता आधीच्या सेकंदभराच्या पंचवीस फ्रेमचा तुकडा घेऊन तो फिरता ठेवणे.

आणि बोट खरंच मधे येत असेल तर? मग पुसूच नका. मराठी लेबलावर अपारदर्शक कन्नड पट्टी ठेवा. खालचं चित्र जाईल, पण पट्टी 'इथे काही झाकलंय' हे उघड सांगते. धूसर लाकूड खोटं सांगतं. या दृश्यात मात्र पट्टीही चालणार नाही, कारण धागा दिसलाच पाहिजे. तेव्हा तेवढे सहा सेकंद पुन्हा शूट करणं हेच बरोबर उत्तर. 'पूर्ण व्हिडिओ पुन्हा शूट करायचा नाही' याचा अर्थ 'काहीच शूट करायचं नाही' असा होत नाही.

आकडे कसे फसवतात

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी खरा मुद्दा आता. व्हिडिओतून मजकूर काढण्यावर, म्हणजे इनपेंटिंगवर, भरपूर पेपर आहेत, आणि अनेकदा गुणवत्ता पीएसएनआरने मोजलेली असते. ती कशावर मोजलीय ते आधी बघा. आपल्या फ्रेममध्ये १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. लेबलात ६१,४४०, म्हणजे तीन टक्क्यांहून किंचित कमी. समजा चौकोनाच्या आत प्रत्येक ठिपका २० पायऱ्यांनी चुकलाय. वर्गचूक ४००, पीएसएनआर सुमारे २२ डेसिबल, म्हणजे वाईट. तीच चूक पूर्ण फ्रेमवर पसरून मोजली की सरासरी वर्गचूक १२ च्या आत येते आणि पीएसएनआर ३७ च्या पुढे जातो, म्हणजे छान! चित्र तेच, धागा तितकाच गायब, फक्त छेद मोठा केला. म्हणून मोजमाप चौकोनाच्या आतच हवं. आणि तरीही धागा गेला की नाही हे कुठलाही डेसिबल सांगणार नाही. ते जवारी लावणारा माणूसच सांगेल.

दुसरी बाजू

'मग पडद्याला हातच लावू नये' असंही म्हणता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने तेच केलं : आवाज भारतीय भाषांत, पडदा इंग्रजीतच. त्यामागे विचार आहे. शिकणाऱ्याला पुढे नोकरीत तेच इंग्रजी मेनू वापरायचे आहेत, म्हणून पडदा बदलणं उलट नुकसानीचं. सॉफ्टवेअर शिकवताना हे मला पटतं. पण धाग्याशेजारचं 'धागा इथे' हे मेनूतलं बटण नव्हे. धारवाडच्या विद्यार्थ्याला ती मराठी अक्षरं ठेवून काही फायदा नाही. म्हणजे तो निर्णय चांगला आहे, पण तो सगळीकडे लागू करता येत नाही.

शेवटी ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी होती तो. मूळ एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल होती का? असती तर मजकुराचा थर बंद करून बिनमजकुराचा व्हिडिओ काढता आला असता आणि मला ही पोस्ट लिहावी लागली नसती. मी विचारलं. एडिट करणाऱ्याने जागा हवी म्हणून प्रोजेक्ट डिलीट केला होता, आणि मागायचं असतं हे कारागिरांना कुणी सांगितलं नव्हतं. आता पुढच्या व्हिडिओच्या ऑर्डरमध्ये त्यांनी एक ओळ वाढवलीय : 'अक्षरं नसलेली एक कॉपी वेगळी द्यायची.'