घडलेलं आणि घडवून दाखवलेलं

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी हे पैलवान खरे होते, डावही खरे होते, पण ती कुस्ती कॅमेऱ्यासाठी मुद्दाम लावलेली होती. दोन वर्षांनी, १९०१ मध्ये, केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत त्यांनी टिपलं. ते स्वागत कॅमेरा नसता तरी झालंच असतं. म्हणजे घडलेलं आणि घडवून आणलेलं, दोन्ही आपल्याकडे एकाच माणसाच्या कॅमेऱ्यातून सुरू झालं. पुढे फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा छोटा मूकपट केला, त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्मवर काम करताना दिसतात. आपलंच रोजचं काम ते कॅमेऱ्यापुढे पुन्हा करून दाखवतात. त्यात कुणाची फसवणूक नाही, कारण त्या दृश्याचा दावा फक्त ‘असं करतात’ एवढाच आहे.

अडचण सुरू होते ती दावा ‘असं झालं’ इथपर्यंत जातो तेव्हा. फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी माहितीपटांत शेतकरी नवं बियाणं पेरताना, सरपंच सभेत बोलताना सांगून-सवरून चित्रित केलेले असत आणि त्यावर भारदस्त निवेदन चढवलेलं असे. प्रेक्षकाला ते जसंच्या तसं घडलेलं वाटे. आनंद पटवर्धनांनी नेमकी उलटी वाट धरली. ‘राम के नाम’ किंवा ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये कॅमेरा घटनेच्या मागे धावतो, तिला आज्ञा देत नाही. ही शिस्त मला मनापासून पटते. पण तिला एक मर्यादा आहे: जिथे कॅमेरा पोचलाच नव्हता, त्या काळाबद्दल ती फारसं बोलू शकत नाही. मराठवाड्याचा १९४७-४८ चा काळ नेमका असा आहे. निजामाच्या सैन्याच्या शरणागतीची छायाचित्रं मिळतात. उमरीची बँक लुटली गेली तेव्हा, किंवा परभणीजवळच्या पेडगावसारख्या गावात लोकांनी रात्री जागून काढल्या तेव्हा, कुणाच्या हातात कॅमेरा नव्हता. त्या रात्रींबद्दल आज आपल्यापाशी आहेत त्या आठवणी, आणि तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आता नव्वदीकडे झुकलं आहे.

म्हणून दर सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्रामावरच्या ज्या फिती दाखवल्या जातात त्यांत नाट्यरूपांतर असणं स्वाभाविक आहे. माझी तक्रार ते कसं केलं जातं याबद्दल आहे. ठरलेली रीत अशी: खाकी कपडे घातलेली माणसं घोड्यावरून किंवा पायी धावत येतात, एक झोपडी पेटते, बाई किंचाळते, आणि या सगळ्यावर संगणकात तपकिरी रंग चढवून चरे पाडले जातात, चित्र जरा थरथरवलं जातं. हे चरे कशासाठी? फिल्म जुनी आहे असं वाटावं म्हणून. कालची फीत सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची आहे असं भासवण्यासाठी एवढी मेहनत घेतली जाते, आणि शेवटच्या पाट्यांमध्ये कुठेतरी बारीक अक्षरांत ‘काही दृश्ये नाट्यरूपांतरित’ असं येतं. तोवर प्रेक्षक उठलेला असतो.

हा आजार फक्त आपला नाही. बर्मिंगहॅममधल्या १९६३ च्या मुलांच्या मोर्चावरचा ‘मायटी टाइम्स’ हा अमेरिकी लघुमाहितीपट २००५ साली ऑस्कर जिंकून गेला आणि नंतर वाद पेटला. जुन्या कॅमेऱ्यांवर नव्याने चित्रित केलेली दृश्यं खऱ्या बातमीपटांत अशी मिसळली होती की कुठलं कुठलं ते ओळखू येईना. मोर्चा खरा, पोलिसी कुत्री खरी, पाण्याचे फवारे खरे. त्यांच्या भरपूर खऱ्या फिती उपलब्धही होत्या. तरी खोट्याची भेसळ झाली, आणि तिने खऱ्यावरचाही विश्वास घालवला. अशा मिसळीचं सगळ्यात मोठं नुकसान मला हेच वाटतं. एकदा शंका आली की प्रेक्षक खऱ्या फितीकडेही त्याच नजरेने पाहतो.

याच्या उलट उदाहरण एरल मॉरिसच्या ‘द थिन ब्लू लाइन’चं (१९८८). डॅलसमध्ये १९७६ साली एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल ॲडम्सला फाशीची शिक्षा झाली. मॉरिसने तो खून पडद्यावर पुन्हा पुन्हा घडवला. पण दर वेळी दृश्य वेगळं आहे, कारण दर वेळी ते वेगळ्या साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे आहे. गाडीत एक माणूस की दोन, त्या पोलिसाची सहकारी गाडीत बसून होती की खाली उतरली होती, हे साक्षीगणिक बदलतं. चित्रीकरण मुद्दाम कृत्रिम आहे: काळी रात्र, लाल दिवा, संथ गतीने हवेत उडणारा मिल्कशेकचा पेला. कुणालाच ते पोलिसांच्या दप्तरातलं चित्रण वाटत नाही. ‘असं झालं’ हा दावा तो करतच नाही. ‘असं झालं, असं हा माणूस सांगतो’ एवढाच त्याचा दावा आहे, आणि साक्षी एकमेकींवर आपटून फुटतात ते प्रेक्षक स्वतः पाहतो. ॲडम्स १९८९ साली सुटला. प्रामाणिक नाट्यरूपांतराला मी याहून चांगली कसोटी देऊ शकत नाही: दृश्य कुणाच्या तोंडचं आहे ते सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते दिग्दर्शकाच्या मनातलं आहे, आणि त्याला माहितीपटात जागा नाही.

आता ही कसोटी पेडगावात लावून पाहू. समजा, एक आजोबा सांगतात की पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यात एका रात्री स्टेशनाच्या बाजूने माणसं आली, आईने आम्हा भावंडांना माळवदावर नेऊन निजवलं आणि वरून कंदील हलताना दिसले. त्यांची धाकटी बहीण म्हणते, कंदील नव्हते, मशाली होत्या, आणि आवाजच जास्त आठवतो. घोडे, खाकी, पेटती झोपडी यातलं काहीही या साक्षीत नाही, तेव्हा तेही चित्रित करायचं नाही. कॅमेरा माळवदावरच राहील, आडव्या झालेल्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर. दिसतील ते लांबचे हलते उजेड. चेहरा एकही नाही, कारण मुलाने एकही पाहिला नव्हता. आधी भावाच्या साक्षीप्रमाणे कंदील, मग तीच चौकट ठेवून बहिणीच्या साक्षीप्रमाणे मशाली. दोघांतलं कुणाचं खरं, हे ठरवायची घाई करायची नाही.

चित्रीकरणाच्या आधी साक्षही पडताळून घ्यायची असते, आणि त्यासाठी पंचांगासारखं साधन नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ हे दिवस भाद्रपदाच्या शुक्लपक्षातले, पौर्णिमेकडे सरकणारे. आजोबा ‘मिट्ट काळोख होता’ म्हणाले तर आभाळ आलेलं असेल, रात्र चंद्र मावळल्यानंतरची असेल किंवा आठवण दुसऱ्या आठवड्याची असेल. ते त्यांना विचारायचं, आणि त्यांचं उत्तर चित्रपटात ठेवायचं. दिवसाच्या दृश्यांत तर सापळे जास्त. शिवारात आज जिकडेतिकडे सोयाबीन दिसतं; तेव्हा ते नव्हतं, ज्वारी आणि गावरान कापूस होता. पेडगावावरून जाणारी मनमाडची लाइन तेव्हा मीटरगेज होती, रुळांमधलं अंतर एक मीटर. आज तिथे १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज आहे. सोयाबीनच्या कडेने, ब्रॉडगेजवरून १९४८ ची माणसं पळताना दाखवली तर गावातला पहिला म्हातारा हसेल आणि बाकीचं काही ऐकणार नाही.

इथे दोनच रस्ते आहेत. एक, सगळं जुनं हुबेहूब उभं करायचं. त्याला पैसा लागतो आणि जितकं हुबेहूब तितकी फसवणुकीची शक्यता वाढते. दुसरा रस्ता मला जास्त सच्चा वाटतो: आजचं स्टेशन आजचंच दाखवायचं. क्लोद लान्झमानने ‘शोआ’त (१९८५) ट्रेब्लिंकाला गाड्या नेणाऱ्या इंजिन ड्रायव्हरला पुन्हा इंजिनावर उभं केलं. भोवतालचं जग आजचं होतं, पण त्याचं शरीर त्या काळात गेलं. आजोबांनाही आजच्या फलाटावरून बोट दाखवू द्यावं, ‘ते तिकडून आले’. मात्र त्यांना घाबरण्याचा अभिनय करायला लावू नये. ते आधीच एकदा घाबरलेले आहेत.

शैलीचा वेगळेपणा ठरवताना आपल्या प्रेक्षकाच्या सवयी ओळखाव्या लागतात. कृष्णधवल केलं की लोक ते जुनं समजतात, चौकोनी चौकट ठेवली की जुनं दूरदर्शन समजतात, आणि हातात धरलेला हलता कॅमेरा ‘तिथे होता’ असं सांगतो. म्हणजे या तिन्ही युक्त्या वेगळेपणासाठी वापरल्या तरी परिणाम उलटा होतो. त्यापेक्षा मुलाखती नैसर्गिक उजेडात, हलत्या कॅमेऱ्याने घ्याव्यात आणि नाट्यरूपांतर पूर्ण रंगीत, तिकाटण्यावर स्थिर, एकाच भिंगातून, न तोडता चित्रित करावं. पहिल्याच अशा दृश्यात निवेदकाने तोंडाने सांगावं की हे आम्ही अमुक साली इथेच, आजोबांच्या सांगण्यावरून उभं केलं आहे. गावातल्या पडद्यासमोर वाचता न येणारी माणसंही बसलेली असतात, त्यामुळे नुसती पाटी पुरत नाही. जमलं की नाही ते कळायला सोपा उपाय आहे: कच्ची जुळणी गावात दाखवावी आणि नंतर विचारावं, ‘ते माळवदावरचं कधीचं होतं?’ दोघातिघांनी जरी ‘तेव्हाचंच’ म्हटलं तरी संपादनाला परत बसावं.

आवाजाकडे तर जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. खऱ्या छायाचित्राखाली गोळीबाराचा, टापांचा आवाज घातला की तेही नाट्यरूपांतरच झालं, आणि त्यावर कधीच खूण नसते. जुन्या छायाचित्रांना मी शांत ठेवीन, फार तर बोलणाऱ्याचा आवाज.

आणि एवढं सगळं पाळूनही एक अप्रामाणिकपणा उरतो, तो निवडीचा. रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि ते दाखवलेच पाहिजेत. पण पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद संस्थानातल्या मुसलमानांवर जे गुदरलं, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली होती. तिने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला आणि तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांसमोर आला नाही. त्या काळाचं नाट्यरूपांतर आपल्या फितींत मला दिसत नाही. एकाच बाजूच्या रात्री पुन्हा घडवल्या तर प्रत्येक दृश्यावरची खूण बरोबर असूनही चित्रपट खोटं बोलतो. माळवदावर निजलेली मुलं दोन्ही आळ्यांत होती. दोन्हीकडच्या साक्षी मिळतात का ते आधी शोधावं, मगच कॅमेरा काढावा.

शेवटचा धोका चित्रपट पूर्ण झाल्यावरचा. आज कुठलीही फीत अख्खी राहत नाही. वीस सेकंदांचा तुकडा कापून व्हॉट्सॲपवर जातो आणि निवेदकाचं आधीचं वाक्य मागेच राहतं. म्हणून ‘नाट्यरूपांतर’ हा शब्द आणि चित्रीकरणाचं साल दृश्यभर चित्रातच, आणि अगदी कडेला न ठेवता जरा आत कोरलेलं असावं, म्हणजे कडा छाटली तरी तो जाणार नाही. चित्र थोडं बिघडेल, बिघडू द्यावं. कच्चं चित्रणही वेगळ्या नावाने, वेगळ्या हार्डडिस्कवर, पाटीवर गाव आणि तारीख लिहून ठेवावं. चाळीस वर्षांनी कुणी संशोधक ती डिस्क उघडेल तेव्हा समजावून सांगायला आपल्यापैकी कुणी नसेल, आणि पेडगावचे ते कंदील तोवर खरोखरच जुने दिसू लागलेले असतील.