पातळी, कल आणि हंगाम

पुढच्या आठवड्यात हेल्पडेस्कवर किती तिकिटे येतील, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. त्याचे सर्वांत देखणे उत्तर चार ओळींचे आहे. चार्ल्स होल्ट यांनी ते १९५७ साली अमेरिकी नौदलाच्या संशोधन विभागासाठी केलेल्या एका टिपणात मांडले. हे टिपण रीतसर छापले गेले २००४ साली, म्हणजे तब्बल सत्तेचाळीस वर्षांनी. दरम्यान पीटर विंटर्स यांनी १९६० साली विक्रीच्या आकड्यांवर ही रीत पारखून प्रसिद्ध केली, म्हणून तिला दोघांचे नाव आहे. त्या ओळी आधी नुसत्या पाहून घ्या:

```
L[t] = a*(Y[t]/S[t-52]) + (1-a)*(L[t-1]+T[t-1])
T[t] = b*(L[t]-L[t-1]) + (1-b)*T[t-1]
S[t] = g*(Y[t]/L[t]) + (1-g)*S[t-52]
F[t+1] = (L[t]+T[t]) * S[t+1-52]
```

`Y` म्हणजे या आठवड्यात खरोखर आलेली तिकिटे. `L` ही पातळी, म्हणजे हंगामाचा चढउतार काढून टाकल्यावर उरणारे आठवड्याचे साधारण काम. `T` हा कल, पातळी दर आठवड्याला किती सरकते आहे ते सांगणारा. `S` हा हंगामी गुणक, वर्षातल्या प्रत्येक आठवड्याला एक, असे बावन्न. `F` हा अंदाज. `a`, `b`, `g` हे शून्य ते एकमधले तीन अंक म्हणजे नव्या बातमीवर किती विश्वास ठेवायचा, याची मोजमापे.

ही रचना नीट चाखायची तर एखादे ठिकाण हवे. समजा, अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत एका शेतीसेवा कंपनीची मदत-खिडकी आहे. ठिबकचा संच, बियाण्याची थैली, फवारणीचा पंप, बिलातली चूक, असल्या तक्रारींची तिकिटे तिथे येतात. पुढचे आकडे समजावण्यासाठी मी धरलेले आहेत. गावे आणि तिथला हंगाम मात्र खरा.

जूनचा तिसरा आठवडा. वऱ्हाडात कपाशी, सोयाबीन, तुरीच्या पेरण्यांची घाई. कालपर्यंतची पातळी ६००, कल आठवड्याला २, आणि या आठवड्याचा गुणक १.४०, म्हणजे पेरणीमुळे काम एरवीच्या जवळजवळ दीडपट. अंदाज निघतो ६०२ गुणिले १.४०, साधारण ८४३. प्रत्यक्षात येतात ९१०. सदुसष्ट तिकिटांनी आपण चुकलो. ही चूक कोणाच्या खात्यावर मांडायची? धंदा वाढला म्हणून ती आली, की यंदा पेरणीचा जोरच जास्त आहे म्हणून?

होल्ट आणि विंटर्स यांच्या रीतीचा सगळा रस या प्रश्नात आहे. पहिली ओळ ९१० ला १.४० ने भागते. हंगामाचा रंग धुऊन निघाला की ६५० उरतात. `a` जर ०.२ असेल, तर या ६५० चा पाचवा हिस्सा आणि जुन्या समजुतीचे, म्हणजे ६०२ चे, चार हिस्से मिळून नवी पातळी ६११.६ होते. मग तिसरी ओळ येते. ती ९१० ला जुन्या पातळीने भागत नाही; पहिल्या ओळीने नुकत्याच बनवलेल्या ६११.६ ने भागते. म्हणजे आश्चर्यातला आपला वाटा पातळीने आधी उचलायचा आणि उरलेल्यावरच हंगामाने हक्क सांगायचा. भागाकार १.४९ येतो, `g` ०.३ धरला तर गुणक १.४० वरून १.४३ वर जातो. एका चुकीची अशी वाटणी भांडण न होता होते. मला या चौकडीतली ही तिसरी ओळ सर्वांत आवडते, आणि पाठ्यपुस्तके तिच्यावरून नेमकी भरभर पुढे जातात.

दुसरी जागा स्मरणशक्तीची. पहिली ओळ मागे उलगडत नेली की या आठवड्याला ०.२ वजन, मागच्याला ०.१६, त्यामागच्याला ०.१२८, आणि दहा आठवड्यांपूर्वीच्याला जेमतेम ०.०२. जुने पुसट होत जाते, पण पूर्ण पुसले जात नाही. एवढी आठवण सांभाळायला वहीत लागतो मात्र एकच आकडा, कालची पातळी. दुसऱ्या महायुद्धात रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संशोधकाने ही घसरत्या वजनांची युक्ती पाणबुड्यांचा माग काढण्याच्या कामात वापरली आणि पुढे गोदामातल्या सुट्या भागांच्या हिशेबात आणली. हजारो वस्तूंचा इतिहास साठवायला जागा नसलेल्या काळाचे हे काटकसरी शहाणपण आहे.

आता शिफ्टची बाब. कल २.५ च्या आसपास गेला आहे, पुढच्या आठवड्याचा गुणक समजा १.५५. अंदाज ९५२ तिकिटे. एका तिकिटाला सरासरी सहा मिनिटे लागत असतील तर ९५ तासांचे काम. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण, चहा, बैठक वजा करून साडेसहा तास उरतात. त्यातले ऐंशी टक्केच कामाने भरायचे, नाहीतर एक किचकट तक्रार सगळी रांग अडवते. म्हणजे माणशी ५.२ तास. भागले की आठवड्याला अठराच्या थोडे वर माणूस-शिफ्ट, सहा दिवसांत रोज तीन. पण रोज तीन हा तक्ता चुकीचा ठरेल. सोमवारी आठवड्याची बावीस टक्के आणि शनिवारी अकरा टक्के तिकिटे येत असतील, तर सोमवारी चार माणसे आणि शनिवारी दोन लागतात. आठवड्याचा अंदाज एका रीतीने आणि दिवसांची वाटणी दुसऱ्या साध्या टक्केवारीने, ही दोन कामे वेगळी ठेवलेली बरी. आणि हा भागाकार तिकिटांना चालतो, कारण तिकीट तासभर थांबू शकते. वाजणारा फोन थांबत नाही; त्याला रांगेचे वेगळे गणित, एर्लांगचे, लागते.

इथवर सगळे गोड आहे. वऱ्हाडातल्या या खिडकीवर ही रीत कुठे घसरते, ते पाहिल्याशिवाय मात्र तिची खरी ओळख होत नाही.

सूत्रातला ५२ पाहा. त्याला इंग्रजी वर्ष कळते. मृग नक्षत्र दरवर्षी जूनच्या सातआठ तारखेला लागते, तिथपर्यंत त्याचे बरे चालते. दिवाळी मात्र तिथीवर चालते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, वर्षातल्या त्रेचाळिसाव्या आठवड्यात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला येते. पाडवा आणि भाऊबीज धरून सण पंचेचाळीस-शेहेचाळिसाव्या आठवड्यांवर पसरतो. सूत्राला हे कोणी सांगितलेले नसते.

हिशेब करून पाहू. २०२५ च्या दिवाळीने त्रेचाळिसाव्या आठवड्याचा गुणक ०.३५ करून ठेवला आहे. पातळी ६०० धरली तर २०२६ मध्ये त्या आठवड्यात अंदाज येतो २१०, तक्त्यावर आठवडाभरात चार माणूस-शिफ्ट. प्रत्यक्षात सण नाही, ६०० तिकिटे येतात, काम जवळपास बारा शिफ्टचे. पहिला फटका रांगेला बसतो. दुसरा जास्त कपटी आहे. पहिली ओळ ६०० ला ०.३५ ने भागते आणि १७१४ मिळवते. तिच्या लेखी धंदा तिप्पट झाला! पातळी ६०० वरून ८२३ वर उडते. पुढच्या साध्या आठवड्याला अंदाज आठशेच्या वर जातो, सोळा शिफ्ट लावल्या जातात, आणि त्यातल्या चार-पाच माणसांना काम नसते. त्यानंतर खरी दिवाळी येते, तिकिटे कोसळतात आणि पातळी उलट्या दिशेने खड्ड्यात जाते. त्रेचाळिसाव्या आठवड्याचा गुणक दरम्यान ०.४६ होऊन बसतो, ना सणाचा ना साध्या दिवसांचा. एका तिथीच्या सरकण्याने महिना-दीड महिन्याचे तक्ते बिघडतात. छोट्या आकड्याने भागणे ही या सुंदर रचनेची सर्वांत नाजूक जागा आहे.

उपाय सूत्रात शोधू नये, सूत्राच्या आधी करावा. सणाचे आठवडे मालिकेतून उचलून त्या जागी शेजारच्या आठवड्यांवरून काढलेला आकडा ठेवावा आणि मगच पातळी-हंगाम चालवावा. दिवाळीचा परिणाम वेगळ्या छोट्या कोष्टकात, लक्ष्मीपूजनापासून किती दिवस आधी किंवा नंतर या मापाने लिहावा आणि शेवटी पंचांग पाहून योग्य आठवड्याला लावावा. पोळा आणि गणपतीलाही हेच.

पावसाला मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण पावसाची तारीख कुठल्याच पंचांगात पक्की नसते. २०२३ साली मोसमी पाऊस विदर्भात जूनच्या चौथ्या आठवड्यात पोचला. अशा वर्षी पेरणीचा गुणक एक-दोन आठवडे आधीच उघडून बसतो आणि माणसे फोनकडे पाहत राहतात. इथे मी सूत्रापेक्षा तालुक्याच्या पर्जन्यमापकाला मान देईन आणि पुरेसा पाऊस होईपर्यंत चढाचे गुणक हाताने मागे सरकवीन. शुद्धतावाद्यांना हे आवडणार नाही. त्यांनी सोमवारी खिडकीवर बसून पाहावे.

दोन जिल्ह्यांची एकच मालिका करावी का, हाही रसिकाला पडणारा प्रश्न आहे. एकत्र केल्याने आकडे मोठे होतात आणि गोंधळ कमी होतो. पण अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे संत्रा आहे, त्याच्या आंबिया बहाराची फळगळ भर पावसाळ्यात सुरू होते आणि तक्रारींचा वेगळा उंचवटा करते. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे, विहिरीचे ओलीत अवघड, त्यामुळे ठिबकच्या तिकिटांचा आकार वेगळा. पातळी दोघांची एकत्र काढावी आणि गुणक वेगळे ठेवावेत, असे माझे मत.

एक शेवटची अडचण आहे, ती गुणकांच्या वयाची. बावन्न गुणकांपैकी प्रत्येकाला वर्षातून एकदाच शिकायला मिळते. तीन वर्षांचा इतिहास म्हणजे प्रत्येकाला तीनच धडे, आणि त्यात २०१७ सारखे गुलाबी बोंडअळीचे वर्ष आले की एकतृतीयांश शिक्षण संकटाचे. म्हणूनच `R` मधले `ets` हे साधन चोवीसपेक्षा लांब हंगाम घेतच नाही. आठवड्यांच्या मालिकेसाठी `stlf` वापरतात, जे हंगाम आधी वेगळा काढते आणि उरलेल्यावरच पातळी-कल चालवते. ज्यांना तयार साधन नको त्यांनी शेजारच्या तीन आठवड्यांच्या गुणकांची सरासरी घेतली तरी खडबडीतपणा बराच जातो.

सरावाला खरी सामग्री हवी असेल तर ती मोफत आहे. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे, आणि शेतकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची जिल्हावार, तारीखवार नोंद `data.gov.in` वर मिळते. अमरावती आणि अकोला दोन्ही त्यात आहेत. आठवड्यांत गोळा करा, शेवटचे वीस आठवडे झाकून ठेवा आणि अंदाज काढा. मग त्याच वीस आठवड्यांसाठी गेल्या वर्षीचा तोच आठवडा जसाच्या तसा उचलून ठेवा. दोन्हींच्या चुका मोजा, आणि चुकांची चिन्हेही पाहा. सलग सात-आठ आठवडे एकाच बाजूला चुकत असाल तर पातळी मागे पडली आहे, `a` वाढवा. आणि गेल्या वर्षीच्या आठवड्यालाही हरवता येत नसेल, तर या चार ओळी कितीही देखण्या असोत, शिफ्टचा तक्ता गेल्या वर्षीच्या वहीवरूनच लावा.