नंबर प्लेट धूसर केली, म्हणजे नेमकं काय केलं?

फील्डवर्क असलेल्या बऱ्याच प्रबंधांत पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य असतं: "गोपनीयतेसाठी छायाचित्रांतील वाहनक्रमांक धूसर केले आहेत." माझ्या पार्किंग-सर्वेक्षणाच्या पहिल्या मसुद्यातही ते होतं. आकृती 3 मध्ये पुण्यातल्या एका गल्लीचा फोटो होता. एका व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात उभी असलेली मोटार, आणि तिच्या नंबर प्लेटवर मी मोझेक फिल्टर मारलेला. वाचणाऱ्या कुणीही हरकत घेतली नाही. हरकत आता मीच घेतोय. ती मोटार तिथे का उभी होती हे मला माहीत नाही, पण फोटो पाहणारा आपला अंदाज बांधणारच.

मोझेक फिल्टर काय करतो ते आधी पाहू. तो चित्राचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातल्या सगळ्या पिक्सेलच्या जागी त्यांची सरासरी छटा भरतो. माझ्या फोटोत प्लेट 120 पिक्सेल रुंद आणि साधारण 32 उंच होती, चौकोन 8 पिक्सेलचे होते. म्हणजे 15 गुणिले 4, असे 60 चौकोन. डोळ्याला तिथे फक्त करडे ठिपके दिसतात, पण गणिताच्या दृष्टीने तिथे अजून 60 आकडे शिल्लक आहेत, आणि प्रत्येक आकडा मूळ अक्षरांवरूनच निघालेला आहे.

आता लपवायचं गुपित केवढं आहे ते मोजा. पुण्यातली गल्ली ओळखू येत असेल तर MH 12 हा भाग बहुतेक वेळा फुकटच मिळतो. पुढे मालिकेची दोन अक्षरं. I आणि O वापरत नाहीत, म्हणून 24 गुणिले 24. मग 0001 ते 9999. एकूण शक्यता 57 लाख 60 हजारांच्या आसपास. माणसाला ही संख्या प्रचंड वाटते, लॅपटॉपला नाही.

आणि सगळ्या शक्यता तपासायचीही गरज नसते. हाच मुद्दा मी मसुदा लिहिताना चुकलो होतो. धूसर चित्र "उलटं" करून मूळ मिळवता येत नाही, हे खरं आहे. पण इथे उलटं करायचंच नाही, सुलट करायचंय: एखादा अंक गृहीत धरा, तो त्याच आकारात काढा, त्याच चौकोनांनी मोझेक करा आणि फोटोतल्या छटांशी ताडून पाहा. एका चौकोनात एक किंवा फार तर शेजारशेजारचे दोन अंक येतात, त्यामुळे अंक एकेक करून ठरवता येतात. दहा हजारांऐवजी दर जागी दहाच प्रयत्न. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या हिल, झाऊ, सॉल आणि शाखम यांनी 2016 मध्ये कागदपत्रांतल्या मजकुराबाबत हे पद्धतशीर दाखवून दिलं, मोझेक आणि ब्लर दोन्हींसाठी. चेहरा किंवा झाड असतं तर गृहीत धरायला मोजकी यादी नसते. नंबर प्लेटला ती असते.

यात आपली नवी प्लेट भरच घालते. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी सक्तीची झाली, म्हणजे अक्षरांची घडण आणि माप ठरलेलं. पूर्वी 4141 ला "दादा"सारखं वळण देणाऱ्यांनी पोलिसांना त्रास दिला असेल, पण मोझेक उलगडणाऱ्यालाही दिलाच असता! शिवाय डावीकडचं IND आणि सुरुवातीचं MH आधीच माहीत असल्यामुळे फोटोतला प्रकाश आणि तिरपेपणा किती, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

मी हे घरच्या गाडीवर करून पाहिलं. शेवटच्या चार अंकांपैकी दोन सरळ निघाले. तिसऱ्यात 3 की 8 हे ठरेना, चौथ्यात 0, 6 आणि 8 तिघेही उरले. म्हणजे दोन गुणिले तीन, सहा शक्यता. तिरपा कोन, सावली आणि जेपीजीचं आकुंचन यांमुळे पद्धत अडखळते, हे मान्य. पण दहा हजारांवरून सहावर आल्यावर उरलेलं काम फोटोच करतो, कारण गाडीचं मॉडेल आणि रंग त्यात स्पष्ट दिसतो. त्याच प्लेटचा दुसरा फोटो असेल तर तिथे चौकोन थोडे सरकलेले असतात आणि नवे 60 आकडे मिळतात. व्हिडिओत तर दर फ्रेमला मिळतात.

चौकोन मोठे केले तर? अख्ख्या प्लेटवर तीनच चौकोन पडले तर फारसं काही उरत नाही. पण किती मोठे पुरेत हा हिशेब करत बसण्यापेक्षा एकाच रंगाचा अपारदर्शक आयत भरणं सोपं. त्यातली प्रत्येक छटा आपण ठरवलेली असते, मूळ अक्षरांवरून आलेली नसते.

```python
from PIL import Image, ImageDraw, ImageOps
im = ImageOps.exif_transpose(Image.open("galli.jpg")).convert("RGB")
ImageDraw.Draw(im).rectangle((408, 626, 542, 672), fill=(128, 128, 128))
im.save("galli_jhakleli.jpg", quality=90)
```

दुसरी ओळ उभ्या फोटोची दिशा नीट करते. असं सेव्ह केल्यावर मूळ एक्झिफ नोंदी नव्या फाइलमध्ये जात नाहीत. त्यात जीपीएस असू शकतं आणि कधीकधी न झाकलेल्या फोटोची छोटी प्रतही. आयत प्लेटच्या कडेपेक्षा थोडा मोठा घ्या.

फोनवर हे करताना मार्कर नीट निवडा. हायलायटरसारखा ब्रश चार वेळा फिरवला की काळा दिसतो, पण तो पूर्ण अपारदर्शक नसतो. तयार फाइल उघडून ब्राइटनेस आणि एक्सपोजर टोकाला नेऊन पाहा. खाली अक्षरं असतील तर वर येतात. क्रॉप करण्यावरही डोळे मिटून विसंबू नका. 2023 मध्ये पिक्सेल फोनच्या मार्कअप साधनात अशी चूक सापडली होती की क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये मूळ चित्राचा काही भाग तसाच राहायचा.

आता प्लेटच्या पलीकडे. नवीन मोटारींच्या पुढच्या काचेवर आतून स्टिकर असतो, त्यावरही नोंदणी क्रमांक असतो. ट्रक आणि टेम्पोच्या बाजूलाही तो रंगवलेला दिसतो. स्वयंचलित साधनं हे सगळं पकडतीलच असं नाही: गूगलने स्ट्रीट व्ह्यूबद्दल 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात प्लेट पुरेशा धूसर होण्याचं प्रमाण 94 ते 96 टक्के होतं. लाखो फोटोंसाठी ते चांगलं आहे. प्रबंधातल्या बारा फोटोंसाठी हाताने पाहणं काही जड नाही.

घर क्रमांक आणि गल्लीची पाटी यांचं गणित आणखी सोपं आहे, म्हणून तिथे चूकही पटकन होते. माझ्या आकृतीत घर क्रमांक झाकला होता, पण गल्लीच्या नावाची पाटी तशीच होती. गल्लीत चाळीस घरं, म्हणजे चाळीसात एक. आणि दाराचा रंग, जिन्याची जाळी दिसतेच. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या फलकावर पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर छापलेला, तो माझ्या लक्षातही आला नव्हता. पाटी, फलक आणि घर क्रमांक हे एकत्रच झाकायचे किंवा एकत्रच ठेवायचे, मधलं काही उपयोगाचं नाही.

आकृती 3 मी शेवटी बदलली. मोटार पूर्णच आयताखाली गेली, कारण मला तिथे फक्त "इथे वाहन उभं आहे" एवढंच दाखवायचं होतं. पद्धतीच्या प्रकरणातलं वाक्य आता असं आहे: "वाहने, घर क्रमांक व पाट्या यांवर एकरंगी अपारदर्शक आयत भरले, मूळ फाइल कूटबद्ध डिस्कवर ठेवल्या, केंद्राचे प्रवेशद्वार दिसणारी दोन छायाचित्रे वगळली."