निश्चित संकलाच्या मर्यादा आणि ‘सिद्ध करा’ हा प्रश्न : एक समीक्षा

पदवी वर्गाला कलनशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांस पुढील प्रश्न अपरिचित नसावा :

π/6 < ∫₀¹ dx/√(4 − x² − x³) < π/(4√2) हे सिद्ध करा.

प्रश्न जुना आहे, सुबक आहे आणि त्याचे उत्तर चार ओळींत मावते. प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाची समीक्षा करावयाची आहे. तो चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. निश्चित संकलाचे मूल्य न काढता त्याला मर्यादांत बांधण्याच्या पद्धतीत जे विचार करण्याजोगे आहे, तेच हा प्रश्न विद्यार्थ्यापासून दडवून ठेवतो, असा आमचा आक्षेप आहे.

प्रथम पद्धतीचे तत्त्व पाहू. एखाद्या अंतरालावर g(x) ≤ f(x) ≤ h(x) असेल, तर तिन्ही फलांची त्या अंतरालावरील संकलेही त्याच क्रमाने राहतात. म्हणून f चे संकलन साधत नसेल, तर ज्यांचे संकलन साधते अशी दोन फले g आणि h शोधावयाची आणि f ला त्यांच्यामध्ये धरावयाचे. वरील उदाहरणात ही गरज खरी आहे. वर्गमूळाखाली तीन भिन्न मूळे असलेली त्रिघाती बहुपदी आहे, त्यामुळे हे विवृत्तीय संकल ठरते आणि परिचित प्राथमिक फलांच्या साह्याने त्याचे प्रतिविकलज लिहिता येत नाही. विद्यार्थ्याने कितीही आदेशने करून पाहिली, तरी तो मार्ग बंदच आहे.

नेहमीचे उत्तर असे. शून्य ते एक या अंतरालावर 0 ≤ x³ ≤ x² असते. म्हणून

4 − 2x² ≤ 4 − x² − x³ ≤ 4 − x².

वर्गमूळ घेतल्याने क्रम बदलत नाही, व्यस्त घेतल्याने तो उलटतो. मग 1/√(4 − x²) चे संकल sin⁻¹(1/2), म्हणजे π/6, ही खालची मर्यादा होते आणि 1/√(4 − 2x²) चे संकल (1/√2) sin⁻¹(1/√2), म्हणजे π/(4√2), ही वरची. क्रम उलटण्याच्या पायरीवर बरेच विद्यार्थी घसरतात. त्यांना सूत्र आठवायला सांगण्याऐवजी एवढेच विचारावे : x³ वगळला तर छेद मोठा झाला की लहान? मोठा झाला, म्हणून अपूर्णांक लहान झाला. मात्र या प्रश्नात तशी चूक सहसा उघडी पडत नाही. दोन्ही मर्यादा प्रश्नातच छापलेल्या असल्यामुळे विद्यार्थी शेवटच्या ओळीत चिन्ह मुकाट्याने फिरवून घेतो. उत्तरपत्रिका तपासताना हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

येथून मुख्य आक्षेपाला सुरुवात होते. π/6 हे उत्तर समोर आहे, तेव्हा 1/√(4 − x²) हे फल निवडावे लागतच नाही, ते उत्तरावरून उलट वाचता येते. x³ च्या जागी शून्य का ठेवले, दुसरे काही का ठेवले नाही, आणि ठेवले असते तर काय झाले असते, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उठण्याचे कारणच उरत नाही. वास्तविक तुलनेसाठी फल निवडणे हाच या पद्धतीचा गाभा आहे. उरलेले काम प्रमाणित सूत्रांचे.

मिळालेल्या मर्यादा किती चांगल्या आहेत, हेही पाहिले पाहिजे. संकल्य फल या अंतरालावर सतत वाढते, ०.५ पासून ०.७०७१ पर्यंत. अंतरालाची लांबी एक असल्याने किमान व कमाल मूल्यांवरूनच संकल ०.५ आणि ०.७०७१ यांच्या दरम्यान आहे हे कळते. पाठ्यपुस्तकी उत्तराने हे अंतर ०.५२३६ ते ०.५५५४ इतके कमी होते. सिम्प्सनच्या नियमाने काढलेले संकलाचे मूल्य सुमारे ०.५४८० येते. म्हणजे वरची मर्यादा खऱ्या मूल्यापासून सुमारे ०.००७४ इतकी दूर आहे, तर खालची सुमारे ०.०२४४, तिपटीहून अधिक. दोन मर्यादांची सरासरी घेऊन ‘अंदाजे उत्तर’ देण्याची सवय पुष्कळांना असते. येथे ती सरासरी ०.५३९५ येते आणि एकट्या वरच्या मर्यादेपेक्षाही ती खऱ्या मूल्यापासून लांब पडते. दोन्ही बाजूंची ढिलाई सारखी आहे असे मानल्याशिवाय सरासरीला काही अर्थ नाही, आणि तसे मानण्यास आधार कोणता?

ढिलाई सारखी का नाही, याचे उत्तर आकृती काढल्याबरोबर दिसते. वरच्या मर्यादेसाठी x³ च्या जागी x² घेतला. हे दोन्ही शून्यापाशी जुळतात आणि एकापाशीही जुळतात, तफावत पडते ती मधल्या भागात. खालच्या मर्यादेसाठी x³ च्या जागी शून्य घेतले. ते डाव्या टोकाशी ठीक आहे, परंतु उजव्या टोकाशी संकल्य ०.७०७१ असताना तुलनेचे फल ०.५७७४ वरच थांबते. जेथे मूळ फल सर्वांत वेगाने वर चढते, नेमके तेथेच तुलनेचे फल त्याची साथ सोडते.

मग उजव्या टोकाशी जुळणारे, पण x³ पेक्षा मोठे न होणारे द्विघाती फल मिळेल का? मिळते. x(1 − x)² हे शून्य ते एक या अंतरालावर ऋण नसते. हे विस्तारून लिहिले की x³ ≥ 2x² − x. म्हणून 4 − x² − x³ ≤ 4 + x − 3x², आणि वर्ग पूर्ण केल्यावर

∫₀¹ dx/√(4 + x − 3x²) = (1/√3) [sin⁻¹(5/7) + sin⁻¹(1/7)].

हे मूल्य ०.५४२१ आहे. खालच्या बाजूची तूट ०.०२४४ वरून ०.००५९ वर आली. येथे एक गमतीची गोष्ट आहे. डाव्या अर्ध्या भागात 2x² − x हे ऋण असते, म्हणजे तेथे x³ साठी ते शून्यापेक्षाही वाईट पर्याय आहे. x = 1/4 येथे तुलनेचे फल ०.४९६१ पर्यंत खाली जाते, जेव्हा मूळ फल कोठेही ०.५ च्या खाली उतरत नाही. तरीही एकंदर हिशेबात नवी मर्यादा वरचढ ठरते, कारण डावीकडे गमावलेले थोडे आहे आणि उजवीकडे कमावलेले पुष्कळ.

विद्यार्थ्याने एवढे पाहिले की पुढची पायरी त्याला स्वतःलाच सुचते. डाव्या अर्ध्यात शून्य घ्यावे, उजव्या अर्ध्यात 2x² − x घ्यावे. x = 1/2 येथे दोन्ही शून्यच असल्याने सांधाही जुळतो. असे केल्यास खालची मर्यादा

sin⁻¹(1/4) + (1/√3) [sin⁻¹(5/7) − sin⁻¹(2/7)]

इतकी, म्हणजे ०.५४४७ होते. वरची मर्यादा जुनीच ठेवली तरी आता संकल ०.५४४७ आणि ०.५५५४ यांच्या दरम्यान पक्के अडकले आहे. एवढ्यासाठी द्विघाती असमानता आणि sin⁻¹ चे सूत्र यांपलीकडे काहीही लागलेले नाही.

दुसरा एक दोष ओघाने सांगितला पाहिजे. वरील संकल्य वाढते असल्यामुळे त्याची किमान व कमाल मूल्ये टोकांवर सापडली. उदाहरणे अशीच दिली गेली, तर ‘दोन्ही टोकांवर मूल्ये काढा’ हाच नियम असल्याची समजूत होते. 1/(x² − x + 1) हे फल घ्या. शून्यापाशी त्याचे मूल्य एक आहे, एकापाशीही एकच. टोकांवर विसंबणारा विद्यार्थी शून्य ते एक या सीमांमधील संकल बरोबर एक आहे असे ‘सिद्ध’ करील. प्रत्यक्षात मध्यावर हे फल 4/3 पर्यंत चढते आणि संकल 2π/(3√3), म्हणजे सुमारे १.२०९२ आहे. असमानता संपूर्ण अंतरालावर तपासायची असते. टोकांवरील पडताळणी ही तिची सिद्धता नव्हे.

जेथे मूल्य काढता येते, तेथे ही पद्धत निरुपयोगी आहे, अशीही एक धारणा आढळते. तिला डाल्झेल यांच्या १९४४ मधील लेखामुळे परिचित झालेले, आणि १९६८ च्या पुटनम स्पर्धेत पहिलाच प्रश्न म्हणून आलेले पुढील संकल उत्तर देते :

∫₀¹ x⁴(1 − x)⁴/(1 + x²) dx = 22/7 − π.

भागाकार करून हे मूल्य सहज मिळते. पण त्यावरून π विषयी काही कळावयाचे असेल, तर संकल मर्यादांतच बांधावे लागते. संकल्य फल अखंड आहे आणि दोन टोके सोडता सर्वत्र धन आहे, म्हणून संकल शून्य असू शकत नाही, आणि π हा 22/7 पेक्षा निश्चितपणे लहान ठरतो. ‘<’ आणि ‘≤’ यांतील फरक आपण फळ्यावर पुष्कळदा सैलपणे लिहितो. येथे सगळा निष्कर्ष त्या फरकावरच उभा आहे. पुढे, 1/(1 + x²) हे अर्धा आणि एक यांच्या दरम्यान असते आणि x⁴(1 − x)⁴ चे संकल 1/630 आहे. म्हणून

1/1260 < 22/7 − π < 1/630,

म्हणजे π हा ३.१४१२ आणि ३.१४२१ यांच्यामध्ये आहे. येथेही मघाचाच विचार लागू पडतो. x⁴(1 − x)⁴ चा जवळजवळ सारा भार x = 1/2 च्या आसपास आहे, आणि तेथे 1/(1 + x²) चे मूल्य 4/5 आहे. 4/5 गुणिले 1/630 म्हणजे सुमारे ०.००१२७, आणि 22/7 − π चे खरे मूल्य सुमारे ०.००१२६. ही सिद्ध झालेली मर्यादा नव्हे, केवळ अंदाज आहे. परंतु कोठे लक्ष द्यावयाचे हे तो अचूक दाखवितो.

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. तो काढून टाकावा असे आम्ही सुचवीत नाही, त्याची भाषा बदलावी इतकेच सुचवितो. उदाहरणार्थ : ‘या संकलाची ०.५४ पेक्षा मोठी असलेली एखादी खालची मर्यादा शोधा आणि तुमचे तुलनेचे फल कोणत्या बिंदूंवर मूळ फलाशी जुळते ते सांगा.’ अशा प्रश्नाला एकच उत्तर नसेल, आणि परीक्षकांची अडचण नेमकी हीच आहे. छापील आदर्श उत्तराशी ताडून गुण देणे तेथे जमणार नाही. विद्यार्थ्याची असमानता सबंध अंतरालावर खरी आहे का आणि त्याने निवडलेल्या फलाचे संकलन खरोखर करता येते का, हे प्रत्येक उत्तरपत्रिकेत नव्याने पाहावे लागेल. एका उत्तराला दोन मिनिटांऐवजी सहा मिनिटे लागतील. ‘सिद्ध करा’ हे रूप इतकी वर्षे टिकून राहण्याचे कारण, आमच्या मते, या चार मिनिटांत शोधावे लागेल.