कोपऱ्यातली पाच वाक्ये

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची १८५८ सालची पाकळ्यांची आकृती आपण पुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत, फोनच्या पडद्यावर पुष्कळदा पाहिलेली असते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्यातली माणसे कशाने मेली, हे ती दाखवते. दोन पाकळीदार वर्तुळे, त्यांना जोडणारी तुटक रेघ, निळा, तांबडा आणि काळा असे तीन रंग. पाहताक्षणीच निळ्या रंगाची भीती वाटते. पण या आकृतीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छापलेल्या मजकुराकडे फारसे कुणी पाहत नाही. मला त्या मजकुराविषयी लिहायचे आहे. आलेखाचे दीर्घवर्णन कसे असावे, याचा इतका स्वच्छ धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही. वर्णनात काय राहून जाते, तेही याच मजकुरात दिसते.

तिथे पाच वाक्ये आहेत. पहिले वाक्य मोजण्याची रीत सांगते. तिन्ही रंगांच्या पाकळ्या केंद्रबिंदूपासूनच मोजायच्या. दुसरे वाक्य रंगांचे अर्थ देते. निळे मृत्यू टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या साथीच्या रोगांचे, तांबडे जखमांचे, काळे उरलेल्या सर्व कारणांचे. या वाक्यात केंद्रापासून मोजण्याची गोष्ट प्रत्येक रंगाबरोबर पुन्हा येते. वरवर ही पुनरुक्ती वाटते, पण ती हवीच होती. पाहणाऱ्याचा डोळा या पाकळ्या एकीवर एक रचलेल्या आहेत असे समजतो आणि निळ्याचा बाहेर उरलेला पट्टा म्हणजेच रोगाचे मृत्यू असे मानतो. प्रत्यक्षात तिन्ही पाकळ्या एकमेकींवर पसरलेल्या आहेत, आणि तांबड्या-काळ्याच्या खालीही निळी आहेच. बाहेरचा पट्टाच मोजला तर निळ्याचे माप कमी भरते. ही चूक बाई आधीच ओळखून होत्या.

पुढची दोन वाक्ये मला सर्वांत प्रिय आहेत. नोव्हेंबर १८५४च्या तांबड्या पाकळीवरून गेलेली काळी रेघ त्या महिन्यातल्या इतर मृत्यूंची सीमा आहे, असे एक सांगते. दुसरे सांगते की ऑक्टोबर १८५४ आणि एप्रिल १८५५ मध्ये काळे आणि तांबडे जवळपास एकाच मापाचे आहेत, तर जानेवारी आणि फेब्रुवारी १८५६ मध्ये निळे आणि काळे. म्हणजे जिथे चित्र डोळ्यांना फसवेल, नेमक्या त्या जागा त्यांनी शब्दांत नोंदवल्या. ऑक्टोबर १८५४चे आकडे पाहिले तर जखमांचे १३२ मृत्यू आणि इतर कारणांचे १२८. एवढा फरक चित्रात काढता येत नाही, काढला तरी दिसत नाही. पाचवे वाक्य शेवटी संपूर्ण क्षेत्रफळांची तुलना कशी करायची ते सांगून थांबते.

या वाक्यांत भावना चाळवणारे एकही विशेषण नाही. वाचकाचे मन हेलावण्याचे काम आकृतीवर सोडून मजकूर नुसता वाट दाखवतो. चांगल्या वर्णनाची भाषा अशीच असते.

पण एवढ्यावर भागत नाही. आता आकृती न पाहता, ती ऐकणाऱ्या वाचकाच्या जागी बसू. स्क्रीन रीडर त्याला ही पाच वाक्ये वाचून दाखवतो. त्याला रंगांचे अर्थ कळतात, मोजण्याची रीत कळते, आणि तरी किती माणसे मेली हे कळत नाही. कारण संपूर्ण आकृतीत मृत्यूचा एकही आकडा छापलेला नाही! महिन्यांची नावे आहेत, साल आहे, हे टिपण आहे. संख्या सगळ्या क्षेत्रफळांत. शोधयंत्राचीही गत तीच होते. चित्रातली अक्षरे ओळखणारी प्रणाली कितीही हुशार असली, तरी तिच्या हाती महिन्यांची नावे आणि ही पाच वाक्ये लागतील. जे छापलेच नाही ते तिला कुठून सापडणार? टिपण आकृती कशी वाचायची ते शिकवते. आकृती काय म्हणते ते सांगत नाही. डोळस वाचकाला ते पुरते, कारण दुसरा अर्धा भाग त्याच्यासमोर रंगवलेला असतो.

तो दुसरा अर्धा भाग आपण लिहायचा. आकडे उपलब्ध आहेत. जानेवारी १८५५ हा सर्वांत वाईट महिना. त्या महिन्यात सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३ होती. रोगांनी २,७६१ माणसे गेली, जखमांनी ८३, इतर कारणांनी ३२४. पाकळीचे माप मात्र थेट २,७६१ वर काढलेले नाही, कारण सैन्य दर महिन्याला लहानमोठे होत होते. एप्रिल १८५४ मध्ये ते अवघे ८,५७१ होते. म्हणून प्रत्येक महिन्याचे मृत्यू वर्षभर त्याच वेगाने होत राहिले तर हजार सैनिकांमागे किती होतील, असा दर काढलेला आहे. जानेवारीत रोगांचा दर येतो १,०२३. हजारामागे हजाराहून जास्त हे ऐकताना चूक वाटते, म्हणून वर्णनात त्याचा अर्थ तिथेच द्यायला हवा. याच वेगाने वर्ष गेले असते आणि नवी भरती झाली नसती, तर सैन्य वर्ष संपायच्या आतच संपले असते. टिपणात हा दराचा खुलासा नाही, तिथे नुसते मृत्यू म्हटले आहे.

वर्णनाने चित्राच्या पुढे जाण्याची आणखी एक जागा इथेच आहे. माप क्षेत्रफळात असल्यामुळे पाकळीची लांबी दराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. जानेवारीत रोगांचे मृत्यू जखमांच्या मृत्यूंच्या ३३ पट आहेत, पण निळी पाकळी तांबडीपेक्षा लांबीला जेमतेम सहापट भरते. बघणारा बहुधा लांबीच पाहतो. म्हणून वर्णनात ‘निळी पाकळी खूप मोठी’ असे लिहिणाऱ्याने चित्राचा भ्रम तसाच पुढे पाठवला. ‘३३ पट’ असे लिहिणाऱ्याने माहिती पोचवली.

मी या आकृतीचे वर्णन लिहिले, तर असे लिहीन:

‘दोन वर्तुळे, प्रत्येकात बारा महिने. पहिले वर्ष, एप्रिल १८५४ ते मार्च १८५५, उजवीकडे आहे. दुसरे, मार्च १८५६ पर्यंतचे, डावीकडे. प्रत्येक महिन्यासाठी केंद्रापासून मोजलेल्या तीन पाकळ्या आहेत: रोग, जखमा, इतर कारणे. पाकळीचे क्षेत्रफळ म्हणजे दर हजार सैनिकांमागे वार्षिक मृत्युदर. रोगांचा दर जुलै १८५४ पासून झपाट्याने वाढतो, ऑक्टोबरमध्ये १९७ पर्यंत उतरतो, नोव्हेंबरमध्ये ३४१, डिसेंबरमध्ये ६३२ आणि जानेवारी १८५५ मध्ये १,०२३ होतो. फेब्रुवारीत तो ८२३ आणि मार्चमध्ये ४८० आहे. दुसऱ्या वर्षातला सर्वोच्च दर जूनमधला, २४८. शेवटच्या महिन्यात तो ४ वर येतो. चोवीसपैकी एकाच महिन्यात, सप्टेंबर १८५५ मध्ये, जखमांचे मृत्यू रोगांच्या मृत्यूंपेक्षा जास्त आहेत.’

उजवे-डावे आधी सांगितले, कारण या आकृतीत पहिले वर्ष उजव्या हाताला आहे. डावीकडून वाचत जाणाऱ्याने वर्णन लिहिले, तर आधी सुधारणा आणि मग संहार अशी उलटी कथा तयार होते, आणि ऐकणाऱ्याला ती तपासून पाहायचा मार्ग नसतो.

या वर्णनात मुद्दाम एक गोष्ट नाही. मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग पोचला, गटारे साफ झाली, आणि मृत्यू घटले, ही या आकृतीची प्रसिद्ध गोष्ट. ती सांगण्यासारखीच आहे, पण लेखात. रोगांचा दर फेब्रुवारीतच, म्हणजे आयोग येण्याआधी, उतरू लागलेला होता. कारण वर्णनात मिसळले, तर वाचकाला आकडा कुठला आणि लेखकाचे मत कुठले हे वेगळे करता येत नाही. एमआयटीतल्या अॅलन लुंडगार्ड आणि अरविंद सत्यनारायण यांनी २०२१ मध्ये ३० अंध आणि ९० डोळस वाचकांकडून अशा वर्णनांचे मोल ठरवून घेतले. कमाल-किमान मूल्ये आणि चढउतार सांगणारी वाक्ये अंध वाचकांना उपयोगाची वाटली. संदर्भ आणि कारणे रंगवणारी वाक्ये डोळस वाचकांना जास्त आवडली, अंध वाचकांना तितकी नाही. आपला निष्कर्ष आपण काढू, असेच बहुतेकांचे म्हणणे पडले असणार.

आता हे वर्णन ठेवायचे कुठे, ते थोडक्यात. चित्राच्या alt मध्ये एवढे कोंबू नये. तिथला मजकूर एका दमात वाचला जातो, त्यात परिच्छेद नसतात, तक्ता तर नसतोच. दीर्घवर्णनासाठी longdesc नावाची सोय एचटीएमएलमध्ये होती, पण ती डोळस वाचकाला दिसत नसे, म्हणून तिच्यातल्या चुकाही कुणाला दिसत नसत. aria-describedby ने जोडलेला मजकूरही सपाट होऊन वाचला जातो. त्यापेक्षा alt मध्ये आकृतीचे नाव आणि ‘वर्णन व तक्ता खाली’ एवढेच लिहावे, आणि वर्णन उघडपणे पानावर, आकृतीखाली द्यावे. शोधयंत्रालाही ते वाचता येते. त्याखाली चोवीस ओळींचा खराखुरा तक्ता, तक्त्याचे चित्र नव्हे.

```
<figure lang="mr">
  ...
  <tr><th scope="row">सप्टेंबर १८५५</th>
      <td>१८९</td><td>२७६</td><td>२०</td></tr>
```

lang="mr" नसेल तर काही यंत्रांवर इंग्रजी आवाज मराठी अक्षरे गिळतो किंवा भलतेच उच्चारतो. th ऐवजी साधा td टाकला तर तक्ता दिसायला तसाच राहतो, पण एनव्हीडीए वापरणारी व्यक्ती Ctrl+Alt आणि खाली बाण दाबत रकान्यातून उतरते तेव्हा तिला नुसते ‘२७६’ ऐकू येते. th असेल तर ‘सप्टेंबर १८५५, २७६’.

वर्णन उतरले की नाही, हे कळायला एकच खात्रीची कसोटी मी मानतो. आकृती काढून घ्यायची, उरलेला मजकूर तिसऱ्या माणसाला द्यायचा, आणि आकृतीवरून विचारता येईल असा प्रश्न विचारायचा. जखमांनी रोगांपेक्षा जास्त माणसे कधी मेली? उत्तर सप्टेंबर १८५५. त्याच महिन्यात सेव्हास्तोपोल पडले. शेवटच्या हल्ल्यांच्या त्या महिन्यात जखमांनी २७६ गेले आणि रोगांनी १८९. डाव्या वर्तुळात तांबडी पाकळी निळीच्या बाहेर आलेली आहे, पण उजवीकडच्या प्रचंड निळ्यापुढे ती कुणाच्या लक्षात येत नाही, आणि कोपऱ्यातल्या पाच वाक्यांतही तिचा उल्लेख नाही. तक्ता असलेल्या पानावर ‘सप्टेंबर १८५५’ असे शोधणाऱ्याला ती पहिल्याच झटक्यात सापडते.